पहिली मोठी मोटारसायकल : क्रूझर की ॲडव्हेंचर टूरर?

इंदूरच्या मराठी घरांतून अलीकडे एक नवाच प्रश्न चर्चेस येऊ लागला आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर हात बसलेला मुलगा नोकरीला लागला, की त्याला मोठी मोटारसायकल हवीशी वाटते. दुकानात त्याच्यासमोर दोन कुळे उभी राहतात. एक क्रूझर : आसन ठेंगणे, पाय पुढे, हँडल हाताशी आलेले. दुसरी ॲडव्हेंचर टूरर : उंच, लांब दांड्याची, खडकाळ वाटेसाठी घडवलेली. छायाचित्रे पाहून मन दुसरीकडे धावते, आणि आईवडिलांचे मन पहिलीकडे. निर्णय मात्र छायाचित्रांवर सोडू नये आणि भीतीवरही नाही. तो आराम, वजन आणि सुटे भाग या तीन कसोट्यांवर करावा.

उदाहरणासाठी एकाच कारखान्याच्या दोन गाड्या घेऊ. रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० ही क्रूझर २०२० साली आली आणि त्याच कंपनीची हिमालयन ४५० ही २०२३ साली. इंधनासह पहिलीचे वजन १९१ किलो, दुसरीचे १९६ किलो. फरक अवघा पाच किलोंचा, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या एका पिशवीएवढा! माझा भाचा ही दोन माहितीपत्रके समोर ठेवून मला म्हणाला, "मामा, वजन तर दोघींचे सारखेच आहे. मग उंच गाडीला लोक भितात कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर वजनकाट्यावर नसून आसनाच्या उंचीत आहे. मीटिअरचे आसन जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर असते. हिमालयनचे आसन खालच्या खाचेत बसवले तरी ८२५ मिलिमीटरवर राहते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे पहिलीवर सपाट टेकतात, दुसरीवर त्याच्या वाट्याला चवडेच येतात. गाडी सरळ उभी असेतो तिचा भार चाके वाहतात, स्वाराला तो जाणवत नाही. ती कलू लागली, की मग हिशेब सुरू होतो. भारकेंद्र जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर आहे असे धरू. १९६ किलोंची गाडी दहा अंश कलली, तर एक मीटर उंचीवरच्या हँडलाशी तिला धरून ठेवण्यास सुमारे वीस किलोंचा जोर लागतो. वीस अंश कलली, तर तोच जोर चाळीस किलोंवर जातो. सपाट तळवा पहिल्या दोन-तीन अंशांतच गाडीला सावरतो. चवड्यावर उभा असलेला माणूस सावरू लागतो तेव्हा गाडी पुढे गेलेली असते. शिवाय रस्ता कडेला उतरता असेल, तर त्या बाजूचा पाय आणखीच अधांतरी राहतो.

भाच्याला हे तोंडी पटेना, म्हणून दोन्ही गाड्या एकेक दिवस भाड्याने घेऊन पाहाव्यात असे ठरले. तो उंचीने साडेपाच फूट, वजनाने चौसष्ट किलो. रोज विजयनगरहून पिथमपूरला कामावर जाणारा, आणि रविवारी पत्नीसह देवास किंवा उज्जैनला जाणारा. एकट्याने त्याने हिमालयन उत्तम चालवली. अडचण आली ती घराच्या दारात. भाचेसून साडी सावरून मागे बसू लागली. उंच आसनावर चढण्यासाठी तिने डावा पाय दांड्यावर रोवला आणि तिचे पंचावन्न किलो वजन क्षणभर एका बाजूला आले. चवड्यांवर उभ्या असलेल्या भाच्याच्या हातून गाडी कलली. शेजाऱ्यांनी हात दिला म्हणून ती पडली नाही. मीटिअरवर हाच प्रयोग केला, तेव्हा त्याचे दोन्ही तळवे जमिनीवर होते. गाडी किंचित हलली आणि स्थिर झाली. पत्नीला किंवा आईला मागे बसवून नेणाऱ्याने दुकानात एकट्याने चक्कर मारून परत येऊ नये, तिलाही सोबत घेऊन जावे आणि चढण्या-उतरण्याचा प्रयोग आधी करावा.

याचा अर्थ क्रूझर सर्वगुणसंपन्न आहे असा नव्हे. आरामाच्या कसोटीवर पारडे रस्त्यानुसार फिरते. गुळगुळीत रस्त्यावर क्रूझरचे रुंद आसन सुखाचे वाटते. पण तिच्यावर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा आला असता स्वाराला आसनावरून उठता येत नाही. धक्का थेट माकडहाडातून कमरेत जातो. हिमालयनवर पाय कमरेखाली असतात. खड्डा दिसताच उभे राहावे, म्हणजे गुडघेच स्प्रिंगचे काम करतात. शिवाय तिच्या पुढच्या चाकाला २०० मिलिमीटर खालीवर होण्यास वाव आहे, मीटिअरच्या चाकाला १३० मिलिमीटर. जाम गेटकडून महेश्वरला उतरताना, किंवा पावसाळ्यानंतर निमाडातल्या आतल्या रस्त्यांवर, हा फरक कंबर सांगते. ज्याचे रोजचे काम अशा गावांतून आहे आणि ज्याचे पाय लांब आहेत, त्याने उंच गाडीच घ्यावी. मधल्या उंचीच्या माणसासाठी तिला ८०५ मिलिमीटरचे ठेंगणे आसनही वेगळे मिळते.

तिसरी कसोटी सुट्या भागांची, आणि ती बहुधा शेवटी आठवते. येथे एक साधा नियम आहे : यंत्र जितक्या गाड्यांत बसवलेले, तितके त्याचे भाग सुलभ. मीटिअरच्या जातीचेच यंत्र पुढे क्लासिक, हंटर आणि बुलेट यांच्या ३५० सीसी गाड्यांत आले, त्यामुळे क्लचची तार वा तेलगाळणी लहान गावातही मिळण्याचा संभव अधिक. हिमालयनचे पाण्याने थंड होणारे यंत्र वेगळ्या कुळातले आहे. त्याला २०२४ मध्ये गुरिला ४५० चा सोबती मिळाला, तरी तो परिवार अजून लहानच. तिचे पुढचे चाक एकवीस इंची आहे. ट्यूब असलेले चाक घेतले, तर त्या मापाची ट्यूब रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे सहसा नसते, म्हणून एक सोबत बाळगावी. मीटिअरच्या मिश्रधातूच्या चाकांत ट्यूबच नसते.

कारखाना जवळ असला म्हणजे भाग मिळतातच असेही नाही. महिंद्राची मोजो ही प्रवासी गाडी आपल्या पिथमपूरमध्येच तयार होत असे. उत्पादन थांबल्यावर तिच्या मालकांना कारखान्याच्या सान्निध्याचा काही उपयोग उरला नाही. हार्ले-डेव्हिडसनने २०२० मध्ये हरियाणातील बावलचे उत्पादन बंद केले, तेव्हा तेथे बनणाऱ्या स्ट्रीट ७५० या क्रूझरच्या मालकांनाही हीच चिंता लागली. म्हणून पैसे भरण्यापूर्वी सुट्या भागांच्या खिडकीवर जाऊन पाच वस्तू मागाव्यात : क्लचचा लिव्हर, क्लचची तार, ब्रेकचे पॅड, आरसा आणि पुढचा टायर. पहिल्या वर्षी गाडी उभ्याउभ्या पडली, तर बहुधा लिव्हर आणि आरसा हेच मोडतात. "मागवून देऊ" असे उत्तर आल्यास किती दिवसांत, ते लिहून घ्यावे.

आणि गाडी पडलीच, तर कमरेतून वाकून उचलू नये. इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये ठेवावी, उजवीकडे पडली असेल तर बाजूचा स्टँड आधीच बाहेर काढावा. मग आसनाला पाठ लावून बसावे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरावी, आणि मांड्यांच्या जोराने मागे सरकत उठावे.

भाच्याने अखेर मीटिअर घेतली. खराब रस्त्यावर तो वेग तिशीवर ठेवतो, आणि दोघे बसले की मागच्या शॉकअपचा ताण दोन खाचा वाढवतो. लडाखचे स्वप्न त्याने सोडलेले नाही. त्या सहलीपुरती उंच गाडी तेथेच भाड्याने घ्यावी, असा त्याचा बेत आहे.