तीन शतांश मिलिमीटरचा बेसॉल्ट

सह्याद्रीतल्या कोणत्याही घाटात, रस्त्यासाठी कडा फोडलेला असतो तिथे, ताजा तुटलेला कातळ हाती घ्यावा. तो काळा, जड आणि बराचसा अबोल असतो. भिंगातून पाहिले तर काही बारीक चकाकत्या रेघा दिसतात, एवढेच. त्याच कातळाची चकती घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची केली, की काळेपणा जातो, प्रकाश आरपार येऊ लागतो आणि आतली खनिजे एकेक करून वेगळी ओळखता येतात. खडकांचे असे काप करून पाहण्याची पद्धत शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८४९च्या सुमारास रूढ करायला घेतली, तेव्हा डोंगर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणारा माणूस म्हणून त्यांची टिंगलच झाली.

काप करण्याचे काम कष्टाचे आहे. हिऱ्याच्या धारेच्या करवतीने खडकाची चकती कापायची, तिची एक बाजू कार्बोरंडमच्या पुडीवर गुळगुळीत करायची आणि ती बाजू काचपट्टीवर एपॉक्सीने चिकटवायची. मग दुसरी बाजू आधी भरड आणि नंतर बारीक पुडीवर झिजवत न्यायची. शेवटच्या टप्प्यावर दोन-चार घासे जास्त झाले तरी काप नाहीसा होतो. म्हणून कारागीर मधून मधून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि जाडी रंगावरून ठरवतो.

हा रंग खनिजाचा स्वतःचा नसतो. सूक्ष्मदर्शकाच्या मंचाखाली एक ध्रुवक असतो. तो एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश वर सोडतो. मंचाच्या वर दुसरा ध्रुवक पहिल्याशी काटकोनात बसवलेला असतो. मध्ये नुसती काच असेल तर वरचा ध्रुवक सगळा प्रकाश अडवतो आणि काळोख दिसतो. बहुतेक स्फटिक मात्र आत शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण करतात. दोघांचा वेग वेगळा असल्याने एक मागे पडतो, आणि वरच्या ध्रुवकापाशी ते पुन्हा एकत्र येतात तेव्हा काही रंग एकमेकांना मारतात. उरलेले रंग डोळ्यांपर्यंत पोचतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलच्या तवंगात दिसतात, त्याच जातीचे हे व्यतिकरण रंग.

किरण किती मागे पडतो याचा हिशेब सोपा आहे. कापाची जाडी गुणिले स्फटिकातल्या दोन अपवर्तनांकांमधला फरक. बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारमध्ये हा फरक जास्तीत जास्त ०.००९च्या आसपास असतो. काप ३०,००० नॅनोमीटर जाड, म्हणजे पिछाडी २७० नॅनोमीटर. तिथे रंग दिसतो करडा ते पांढरा. काप ०.०४ मिलिमीटरवर थांबला असेल तर हीच पिछाडी ३६० होते आणि फेल्डस्पार पिवळा दिसतो. कारागिराला तेवढी खूण पुरते. ऑजाइट या पायरोक्सीनमध्ये फरक ०.०२५ धरला तर पिछाडी ७५० नॅनोमीटर आणि रंग हिरवा. फ्रेंच भूवैज्ञानिक ऑग्युस्त मिशेल-लेव्ही यांनी १८८८ मध्ये ही सगळी नाती एका रंगीत तक्त्यात मांडली. तो तक्ता अजून प्रयोगशाळांच्या भिंतींवर असतो.

आता घाटातल्या बेसॉल्टचा काप मंचावर ठेवू. काटकोनातले ध्रुवक लावताच करड्या-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या दिसतात. हे प्लॅजिओक्लेज. त्यांच्या मधल्या जागेत पिवळे, निळे, जांभळे कण दाटीने बसलेले असतात. ते बहुतेक ऑजाइट असावेत, पण एवढ्यावर शिक्का मारणे घाईचे. खडकात कण वाटेल तसे आडवे-तिडवे पडलेले असतात आणि करवत त्यांची पर्वा करत नाही. त्यामुळे एकाच खनिजाचा एक कण भडक निळा दिसतो, तर शेजारचा कण करडा. विशिष्ट दिशेने कापला गेला असेल तर एखादा काळाच राहतो. म्हणून खनिजाचा रंग एका कणावरून वाचत नाहीत. पाच-पंधरा कण पाहून त्यांतला सर्वांत वरचा रंग धरतात.

पुढची साक्ष कोनाची. मंच गोल फिरतो आणि त्याच्या कडेला अंश कोरलेले असतात. कण फिरवत नेला की एका पूर्ण फेरीत तो चार वेळा, दर नव्वद अंशांनी, काळा पडतो. कणातल्या किरणांच्या कंपनदिशा ध्रुवकांच्या दिशांशी जुळतात, त्या क्षणी असे होते. याला विलोपन म्हणतात. कणावर पाटनाच्या सरळ रेघा असतील तर त्या नेत्रिकेतल्या उभ्या तारेला समांतर आणायच्या आणि आकडा वाचायचा. समजा ११२. मग मंच हळूहळू फिरवत कण पूर्ण काळा होईपर्यंत न्यायचा. आकडा १५३ आला, तर फरक ४१ अंश. ऑजाइटचा कोन साधारण चाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो, तर हायपरस्थीन या दुसऱ्या पायरोक्सीनची लांबीला समांतर कापलेली काडी रेघ तारेला समांतर येताच काळी पडते.

इथेच नवखा फसतो. ऑजाइटचा कणही एका विशिष्ट बाजूने कापला गेला तर शून्य अंशावर विझतो आणि हायपरस्थीनचे सोंग घेतो. पकडायचा उपाय असा की जास्तीत जास्त भडक रंगाचे कण निवडून त्यांचे कोन मोजायचे आणि त्यांतला मोठा कोन प्रमाण मानायचा. हायपरस्थीनचा रंग करड्या-पिवळ्यापलीकडे सहसा जात नाही, त्यामुळे रंग आणि कोन एकमेकांना तपासतात.

प्लॅजिओक्लेजच्या बाबतीत कोन याहून जास्त सांगतो. त्याच्या कणातले पट्टे म्हणजे एकमेकांकडे पाठ केलेले जुळे स्फटिक. पट्ट्यांची रेघ उभ्या तारेला समांतर ठेवली आणि सगळे पट्टे सारखेच उजळ दिसले, तर कण मोजणीच्या लायकीचा. मंच डावीकडे वळवून एका संचाचे पट्टे विझवायचे, समजा ३१ अंशांवर. मग उजवीकडे वळवून दुसरा संच विझवायचा, समजा ३३ अंशांवर. दोन आकड्यांत चार-पाच अंशांहून जास्त तफावत असेल तर कण तिरपा कापलेला आहे, तो सोडून द्यायचा. इथे सरासरी ३२. असे बरेच कण मोजून सर्वांत मोठी सरासरी हीच राहिली, तर आलेखावरून फेल्डस्पारमध्ये कॅल्शियमचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे लॅब्रॅडोराइट, बेसॉल्टमधला नेहमीचा रहिवासी. एकही रसायन न वापरता मिळालेले हे उत्तर आहे. कोन वीस अंशांखाली आला असता तर पंचाईत होती. त्या पट्ट्यात सोडियमने भरलेला अल्बाइट आणि मधल्या मिश्रणाचा अँडेसीन दोघेही बसतात, आणि निवाड्यासाठी कणाचा अपवर्तनांक चिकटवणीच्या अपवर्तनांकाशी ताडून पाहावा लागतो.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आणखी एक गंमत असते ती त्याच्या पोकळ्यांत. तिथे झिओलाइट असतात, कॅल्साइटही असते. झिओलाइटचा रंग खालच्या पातळीवरचा करडा-पांढरा. कॅल्साइटची पिछाडी इतकी प्रचंड की सगळे रंग मिसळून त्याचाही मळकट पांढरा होतो. पांढरा तो पांढराच, मग ओळखायचे कसे? वाटेत जिप्समची पट्टी सरकवायची. तिने पिछाडीत सुमारे ५५० नॅनोमीटरची भर किंवा घट होते. झिओलाइट लगेच निळा किंवा पिवळा होतो आणि कॅल्साइट ढिम्म राहतो.

सगळाच खडक इतका बोलका नसतो. लाव्हा झटकन निवाला असेल तिथे तपकिरी काच उरते. ती मंच कितीही फिरवला तरी काळीच राहते. मॅग्नेटाइटही तसेच काळे, पण वरचा ध्रुवक बाजूला केला की काच पारदर्शक दिसते आणि मॅग्नेटाइट काळेच. याहून अवघड प्रकरण म्हणजे कापाच्या जाडीहून लहान कण. ०.०३ मिलिमीटरच्या जाडीत ते एकावर एक रचले जातात, त्यांचे रंग मिसळतात आणि कोणताच कण धड विझत नाही. अशा बारीक पोताच्या बेसॉल्टसाठी क्ष-किरण विवर्तन किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबकडे जावे लागते.