दरवाढीचं पत्र, पेंडीच्या हिशेबासकट

रतिबाच्या दुधाचा दर वाढतो तेव्हा गोठामालकाची चिठ्ठी बहुधा एका ओळीची असते: महागाईमुळे दर वाढवत आहोत. काय महागलं, किती, आणि वाढ एवढीच का, हे त्यात नसतं. ते सांगायचं तर गोठ्याचा हिशेब उघडावा लागतो. समजा, दहा म्हशींचा गोठा आहे. मालकाने असं लिहावं:

‘नमस्कार. एक तारखेपासून म्हशीचं दूध लिटरला 70 ऐवजी 74 रुपये होईल. सरकी पेंड आणि बाकीचा खुराक किलोमागे सरासरी पाच रुपयांनी महागला आहे. आमच्या सात म्हशी दुभत्या आहेत, तीन आटलेल्या. रोज 56 लिटर दूध निघतं आणि 48 किलो खुराक लागतो. म्हणजे रोजचा खर्च 240 रुपयांनी वाढला. लिटरमागे सव्वाचार रुपयांहून थोडा जास्त. त्यातले चार तुमच्याकडून घेतो आहोत. दिवाळीनंतर नवी सरकी बाजारात आली की पेंडीचा भाव पाहून दर पुन्हा ठरवू.’

यातलं 48 किलोंचं गणित साधं आहे. म्हशीला जगण्यापुरता रोज सुमारे दोन किलो खुराक लागतो आणि दर दोन लिटर दुधामागे आणखी एक किलो. आठ लिटरची म्हैस सहा किलो खाते. अशा सात म्हशींचे 42 किलो, आणि आटलेल्या तिघींचे सहा.

हे सहा किलो पत्रात आलेच पाहिजेत, कारण गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत. नुसत्या दुभत्या म्हशी धरल्या तर वाढ लिटरला पावणेचार रुपये भरते. वरचा अर्धा रुपया आटलेल्या म्हशींचा. त्या व्याल्यावर पुढचं दूध त्यांचंच येणार, म्हणून त्यांना उपाशी ठेवता येत नाही. बऱ्याच म्हशी पावसाळ्यापासून थंडीपर्यंत वितात, त्यामुळे उन्हाळ्यात आटलेल्यांची संख्या वाढते आणि तोच खर्च कमी लिटरांवर पडतो.

पत्र न लिहिता हेच चार रुपये काढायची एक वाट आहे, आणि ती मला फार टोचते. लिटरभर मापात 60 मिली पाणी गेलं की 70 रुपयांना 940 मिलीच दूध विकलं जातं. दर न वाढवताही खरा भाव 74 च्या वर जातो. सहा फॅट, नऊ एसएनएफचं दूध साधारण 5.6 आणि 8.5 वर येतं. जिभेला हा फरक सहसा कळत नाही. लॅक्टोमीटर पाणी पकडतो, पण साय काढली की त्याचा आकडा वर चढतो. त्यामुळे साय काढून पाणी घातलेलं दूध त्याला चकवू शकतं. फॅटही मोजावी लागते.

म्हणून पत्राच्या शेवटी आणखी दोन वाक्यं हवीत: ‘दुधाची फॅट आणि एसएनएफ पूर्वीइतकीच राहील. कोणत्याही दिवशीचं दूध संकलन केंद्रावर तपासून घ्या, तपासणीचा खर्च आमचा.’