लोगोत मिरची का नको?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मसाला उद्योगाचा लोगो आमच्या स्टुडिओने केला होता. ठसठशीत देवनागरीत ब्रँडचं नाव, एकच गडद तांबडा रंग, आणि शिरोरेषेचं उजवं टोक खलबत्त्यातल्या बत्त्यासारखं गोलसर जाड झालेलं. दोन वर्षं तो पाकिटांवर, खोक्यांवर, टेम्पोवर होता. व्यापारचिन्ह म्हणून त्याची नोंदणीही झाली होती. मग मालकांचा निरोप आला की मराठवाड्यातल्या नव्या वितरकांना पाकीट ‘मोकळं मोकळं’ वाटतंय, तर चार बदल करून द्या. नावाशेजारी लाल मिरची आणि हळकुंड टाका. अक्षरांना सोनेरी छटा आणि सावली द्या. खाली ‘अस्सल घरगुती मसाल्यांची परंपरा’ ही ओळ लोगोतच बसवा. आणि लोगो मोठा करा.

यातली कुठलीच मागणी जगावेगळी नाही. ज्यांनी ज्यांनी दुकानाची पाटी किंवा लग्नाच्या हॉलचं बोधचिन्ह करून घेतलं असेल, त्यांनी यातलं काहीतरी मागितलेलं असतं. अशा वेळी डिझायनरने मुकाट्याने बदल करून बिल लावणं सोपं असतं. ‘आम्हाला कळतं, तुम्हाला नाही’ असं सुचवणारं उत्तर देणं त्याहून सोपं. आम्ही मालकांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यातली कारणं सर्वसामान्य वाचकालाही कळावीत, कारण रोज शेकडो लोगो पाहूनही ते कसे काम करतात हे आपल्याला कुणी सांगत नाही.

पत्राची सुरुवात अशी होती:

“सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. तुमचा निरोप मिळाला. वितरक म्हणतात ते आम्ही खरं धरून चाललो आहोत. नव्या भागात तुमचं नाव कुणाला माहीत नाही, दुकानात पाकीट नजरेत भरत नाही, ही अडचण खरी आहे. त्या अडचणीवर लोगोतले हे बदल उपयोगी पडतील का, एवढंच आम्ही या पत्रात तपासलं आहे. सोबत नमुने जोडले आहेत. पत्र वाचण्याआधी ते पाहावेत.”

नमुने महत्त्वाचे होते. संगणकाच्या पडद्यावर लोगो हातभर मोठा दिसतो आणि तिथे मिरचीचं देठसुद्धा छान वाटतं. पण हा धंदा चालतो दहा रुपयांच्या पुडीवर. त्या पुडीवर लोगोची रुंदी होती २४ मिलिमीटर. आम्ही मालकांना हवा तसा लोगो खरोखर तयार केला, त्याच मापात छापला, पुडीवर चिकटवला आणि पाठवला. त्यांच्या ओळीत पंधरा अक्षरं आणि तीन मोकळ्या जागा आहेत. ती २४ मिलिमीटरमध्ये बसवली तर एका अक्षराच्या वाट्याला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जागा येते. रोमन लिपीत एवढ्यात कसंबसं भागतं. देवनागरीत त्याच उंचीत वरची मात्रा, अनुस्वार आणि खालचा उकार सामावायचा असतो. ‘घरगुती’तला उकार आणि ‘मसाल्यांची’तलं जोडाक्षर यांच्या पोटातली पोकळी शाईने भरून जाते आणि ओळीची एक काळपट रेघ होते. किराणा दुकानात या पुड्या लडीने टांगलेल्या असतात, वाकलेल्या आणि एकमेकींवर आलेल्या. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं असतं. तिथून ती रेघ कुणी वाचणार नाही, पण तिच्यासाठी मूळ नाव मात्र लहान झालेलं असेल.

सोनेरी छटेचा प्रश्न खोक्यावर येतो. पुडीची फिल्म ग्रॅव्हूर पद्धतीने छापली जाते. कोरलेल्या धातूच्या सिलिंडरवरून, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर. तिथे रंगाची चढउतार बऱ्यापैकी उतरते. पण माल ज्या तपकिरी खोक्यातून जातो, त्यावर रबरी किंवा पॉलिमरच्या ठशाने, बहुतेकदा एकाच रंगात छपाई होते. गडदकडून फिक्याकडे जाणारी छटा म्हणजे प्रत्यक्षात बारीक बारीक होत जाणारे ठिपके. खोक्याचा कागद खरखरीत, आत नळ्यानळ्यांचा थर, आणि ठसा दाबला की शाई पसरते. मग गडद बाजूचे ठिपके एकमेकांत मिसळून डाग होतो आणि फिक्या बाजूचे बारीक ठिपके ठशावर टिकतच नाहीत. छटा जिथे अलगद संपायला हवी तिथे ती कापल्यासारखी तुटते. सावलीचं तेच. आम्ही पत्रासोबत दोन्ही लोगोंची साधी काळी-पांढरी झेरॉक्स जोडली होती. जुना लोगो झेरॉक्समध्ये जसाच्या तसा होता. नव्यात सावली आणि अक्षर यांची सीमा पुसली जाऊन नाव जाडजूड आणि धुरकट झालं होतं. बिलाच्या कागदावर, रबरी शिक्क्यात, गोणीवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या नखाएवढ्या गोल चित्रात लोगोची हीच अवस्था झाली असती.

छपाईच्या अडचणींवर पैसा ओतून थोडीफार मात करता येते. मिरचीची अडचण मात्र पैशाने सुटणारी नाही, म्हणून पत्रात सर्वांत जास्त जागा तिला दिली होती:

“तुम्ही म्हणता, मिरची नसेल तर हा मसाला आहे हे कसं कळणार? ते पुडी सांगते. पुडीवर ‘कांदा-लसूण मसाला’ असं लिहिलेलं आहे, पदार्थाचा फोटो आहे, रंग आहे. लोगोला सांगायचं आहे ते वेगळंच: हा मसाला कुणाचा? सोबत आम्ही दुकानातल्या मसाल्याच्या रांगेचा फोटो पाठवत आहोत. त्यात मिरची असलेली पाकिटं मोजून पाहा. त्या गर्दीत आज तुमचं पाकीट बत्त्यासारख्या शिरोरेषेमुळे वेगळं पडतं. मिरची टाकली की ते त्या गर्दीतलं आणखी एक होईल.”

भारतीय स्टेट बँकेचं चिन्ह आठवून पाहा. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलेलं ते निळं वर्तुळ. मधे छोटं गोल छिद्र आणि तिथून खाली आलेला छेद. त्यात नाणं नाही, तिजोरी नाही, रुपया नाही. कुणाला त्यात किल्लीचं भोक दिसतं, कुणाला आणखी काही. पण गावाच्या बाजारपेठेत लांबून ते वर्तुळ दिसलं की बँक कुठली हे कळतं. २०१७ मध्ये बँकेने नावाची अक्षरं बदलली, ते वर्तुळ मात्र ठेवलं. इतकी वर्षं कोट्यवधी पासबुकांवर आणि पाट्यांवर जी ओळख साचली, ती त्या आकारात आहे. आकार बदलला तर ती आपोआप नव्या आकारात येत नाही.

याचा उलटा दाखला अमेरिकेतला आहे. ट्रॉपिकाना हा संत्र्याच्या रसाचा तिथला मोठा ब्रँड. जानेवारी २००९ मध्ये पेप्सिको कंपनीने त्याचं खोकं बदललं. स्ट्रॉ खोवलेलं संत्रं काढून रसाचा पेला आणला, नाव आडव्याचं उभं केलं. आतला रस तोच होता. पण जुन्या गिऱ्हाइकांना आपलं खोकं शेल्फवर ओळखू येईना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि फेब्रुवारीतच कंपनीने जुनं खोकं परत आणण्याचं जाहीर केलं. आम्ही हा प्रसंग पत्रात दोनच वाक्यांत सांगितला. मोठ्या कंपनीचं उदाहरण देऊन छोट्या उद्योजकाला घाबरवणं मला पटत नाही. पण एक साम्य सांगणं भाग होतं. मराठवाड्यातल्या नव्या गिऱ्हाइकासाठी बदल करताना कोल्हापूर-सांगलीतलं जुनं गिऱ्हाईक पणाला लागत होतं, आणि विक्रीचा मोठा हिस्सा तिथून येत होता.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २२ प्रमाणे नोंदलेल्या चिन्हात बदल करता येतो, पण चिन्हाची ओळख मुळातून बदलणार नाही इतपतच. मिरची, हळकुंड आणि आख्खी ओळ घातलेला लोगो त्यात बसणं कठीण. म्हणजे नवा अर्ज, नवी तारीख, पुन्हा हरकतींची वाट. आणि एवढं करून मिळणार काय? कलम १७ सांगतं की चिन्हातला जो भाग त्या व्यापारात सर्रास वापरला जातो, त्यावर चिन्हाच्या मालकाला एकट्याचा हक्क मिळत नाही. मसाल्याच्या धंद्यात मिरचीचं चित्र हे त्यातलंच. उद्या कुणी नक्कल केली तर मालकांना मिरचीवरून दाद मागता येणार नाही, बत्त्याच्या शिरोरेषेवरून मात्र येईल.

चौथी मागणी, लोगो मोठा करण्याची, आम्ही मान्य केली. ती रास्तच होती. फक्त ती लोगो बदलून पुरी होणारी नव्हती. पुडीच्या दर्शनी बाजूवर ‘नवीन’, ‘शुद्ध’, ‘चविष्ट’ असे तीन बिल्ले आणि मसाल्याच्या वाटीचा मोठा फोटो यांनी जागा खाल्ली होती. बिल्ले काढले, फोटो खाली सरकवला, तर लोगो २४ वरून ३४ मिलिमीटर होत होता आणि भोवती थोडी मोकळी जागाही राहत होती. परंपरेची ओळ पुडीच्या मागच्या बाजूला घेतली. तिथे ती वाचता येईल एवढी मोठी छापता येते, आणि पुडी हातात घेतलेलं माणूस ती वाचतंही. मिरची आणि हळकुंड मराठवाड्यासाठीच्या दुकानातल्या फलकांवर मोठे लावायचे, असं सुचवलं. फलक सहा महिन्यांनी बदलता येतो.

पत्राचा शेवट असा होता: “धंदा तुमचा आहे आणि निर्णयही तुमचाच. हे नमुने दोन दुकानांत लडीला टांगून, काउंटरबाहेरून पाहावेत. तरीही चारही बदल हवे असतील तर आम्ही करून देऊ. मात्र जुना लोगो कुठेही मोडतोड न करता जपून ठेवावा, एवढी विनंती.”

अशा पत्राला मर्यादाही आहेत. लोगोतलं नावच वाचता येत नसेल, किंवा तो दुसऱ्या कुणाच्या चिन्हासारखा दिसत असेल, तर गिऱ्हाइकाची तक्रार बरोबर असते आणि स्टुडिओने लोगोच बदलायला हवा. पत्राआड लपता कामा नये. फरक ओळखायचा तो पडद्यावर नाही. खऱ्या मापात छापून, जिथे माल विकला जातो तिथे उभं राहून.

मालकांनी ते केलं. दुकानातून फोन करून त्यांनी सोनेरी छटा आणि मिरची रद्द केली, ओळ मागे घ्यायला सांगितली आणि मोठ्या लोगोच्या पुडीला होकार दिला.

तुम्ही स्वतःच्या दुकानासाठी, संस्थेसाठी लोगो करून घेत असाल तर डिझायनरकडे तीन कागद मागा: सर्वांत लहान वापराच्या मापातला छाप, काळी-पांढरी झेरॉक्स आणि शेजारच्या स्पर्धकांच्या रांगेत ठेवलेला फोटो. आणि बदल सुचवताना ‘मिरची टाका’ असं न सांगता, दुकानात काय घडतंय ते सांगा.