फर्माईश आली, तरी यादी मोडायची नाही

हळदीच्या कार्यक्रमासाठी घरातल्या एखाद्या हौशी भाच्याने चांगली 45 गाण्यांची प्लेलिस्ट केलेली असते. आधी गणपतीची गाणी, मग ओव्या-लोकगीतं, नंतर नाचायची, असा सगळा क्रम लावलेला. बारावं गाणं सुरू असताना आत्याबाई येतात. ‘‘अरे, एखादं कोळीगीत लाव की!’’ भाचा फोन हातात घेतो, गाणं शोधतो आणि त्याच्यावर बोट ठेवतो. झालं! चालू गाणं मध्येच तुटतं, कोळीगीत सुरू होतं आणि ते संपल्यावर तेरावं गाणं लागायच्या ऐवजी अ‍ॅपने स्वतःच्या मनाने निवडलेलं भलतंच काही वाजू लागतं.

प्लेलिस्ट कुठे गेली? ती जागच्या जागीच आहे, पण अ‍ॅपने ती वाजवणं सोडून दिलंय. हे टाळायचं, तर अ‍ॅपमध्ये एकाच वेळी दोन याद्या असतात हे आधी लक्षात घ्यावं लागतं. एक आपण जपून ठेवलेली प्लेलिस्ट. दुसरी रांग, म्हणजे आत्ता या घडीला पुढे काय वाजणार आहे त्याची तात्पुरती यादी, जिला अ‍ॅपमध्ये ‘क्यू’ म्हणतात. प्लेलिस्ट सुरू केली की तिच्यातली गाणी ओळीने या रांगेत येतात. फर्माईशीचं गाणं रांगेत घुसवलं, तरी मूळ प्लेलिस्टला धक्का लागत नाही. गाण्यावर थेट बोट ठेवलं, तर मात्र आधीचा क्रम जातो आणि नवा सुरू होतो. म्हणून फर्माईश आली की गाण्यावर बोट ठेवायचं नाही. त्याच्या शेजारच्या तीन टिंबांवर ठेवायचं.

त्या टिंबांमागे उघडणाऱ्या यादीत ‘Play next’ आणि ‘Add to queue’ असे पर्याय दिसतात. पहिल्याचा अर्थ सरळ आहे: चालू गाणं संपलं की लगेच हे. खरा घोळ दुसऱ्यापाशी आहे, कारण ‘रांगेत टाका’ म्हटल्यावर रांगेत नेमकं कुठे टाकायचं, याबद्दल अ‍ॅपचं एकमत नाही.

स्पॉटिफायमध्ये ‘Add to queue’ केलेलं गाणं प्लेलिस्टच्या उरलेल्या गाण्यांच्या आधी लागतं. रांगेचा पडदा उघडला की हे स्पष्ट दिसतं. वर चालू गाणं, त्याखाली ‘Next in queue’ या मथळ्याखाली आपण टाकलेली गाणी आणि त्याच्याही खाली ‘Next from’ असं लिहून प्लेलिस्टचं नाव व तिची पुढची गाणी. म्हणजे फर्माईशींचा एक वेगळा कप्पाच आहे. तो रिकामा झाला की प्लेलिस्ट जिथे थांबली होती, तिथून पुढे चालू होते.

यूट्यूब म्युझिकमध्ये असा वेगळा कप्पा नाही. तिथे प्लेलिस्ट हीच रांग, आणि ‘Add to queue’ केलेलं गाणं तिच्या शेपटाला जाऊन बसतं. हळदीचंच उदाहरण घ्या. बारावं गाणं चालू आहे, पुढे 33 गाणी उरलीत. एक गाणं सरासरी चार मिनिटांचं धरलं, तर आत्याबाईंचं कोळीगीत 132 मिनिटांनी लागणार. तोवर हळद धुऊन झालेली असेल. एका अ‍ॅपची सवय झालेला माणूस दुसऱ्या अ‍ॅपवर ‘गाणं टाकलंय, येईलच’ असं सांगत बसतो, तो यामुळेच. यूट्यूब म्युझिकवर फर्माईश लगेच हवी असेल, तर ‘Play next’ हाच पर्याय निवडावा लागतो.

पण ‘Play next’चीही एक खोड आहे. आत्यांच्या मागोमाग मामा एक जुनं भावगीत मागतात, मग नवरीच्या मैत्रिणी एक नवं सिनेगीत. तिघांचीही गाणी ओळीने ‘Play next’ केली, तर वाजताना आधी सिनेगीत लागतं, मग भावगीत आणि शेवटी कोळीगीत. कारण प्रत्येक नवं गाणं चालू गाण्याच्या अगदी पाठीला चिकटतं आणि आधी टाकलेल्यांना मागे ढकलतं. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं, तसं. ज्यांनी पहिल्यांदा सांगितलं, त्या आत्याबाईंचाच नंबर शेवटी लागतो, आणि लग्नघरात ही बाब साधी नसते! तिन्ही फर्माईशी एकदम आल्या असतील, तर गाणी उलट्या क्रमाने टाकावीत: आधी सिनेगीत, मग भावगीत, शेवटी कोळीगीत. एकेक करून आल्या असतील, तर रांग उघडून गाण्याच्या कडेला असलेल्या आडव्या रेघांवर बोट दाबून ते वर-खाली सरकवावं. स्पॉटिफायच्या फर्माईशींच्या कप्प्यात ही अडचण येत नाही, तिथे आधी टाकलेलं गाणं आधी लागतं.

या दोन याद्यांची कल्पना लोकांच्या हाती आली, त्यात आयट्यून्सचा वाटा मोठा. नोव्हेंबर 2012 मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्सची अकरावी आवृत्ती आणली आणि तिच्यात ‘Up Next’ नावाची छोटी यादी दिली. त्यातून चालू अल्बम न तोडता मध्येच दुसरं गाणं घालता येऊ लागलं. ‘पुढचं गाणं’ दाखवणारी ही यादी पुढे मोबाइल अ‍ॅपमध्येही रुळली.

शफल बटणाचीही दखल घ्यायला हवी. स्पॉटिफायमध्ये शफल चालू असलं, तरी फर्माईशींचा कप्पा विस्कटत नाही, फक्त प्लेलिस्टचा भाग उलटसुलट होतो. यूट्यूब म्युझिकमध्ये मात्र सगळी एकच रांग असल्यामुळे, गाणी टाकून झाल्यावर शफल दाबलं तर फर्माईशीही त्या गर्दीत मिसळतात. तिथे शफल करायचं असेल, तर ते आधी करावं आणि गाणी नंतर घालावीत.

मेनूमध्ये जवळपासच ‘Add to playlist’ हाही पर्याय असतो, आणि घाईत बोट तिथे पडण्याचा संभव मोठा. तसं झालं, तर कोळीगीत कायमचं प्लेलिस्टमध्ये जातं आणि पुढच्या कार्यक्रमातही निघतं. असं झालंय हे ओळखायचं, तर प्लेलिस्ट उघडून गाण्यांची संख्या पाहावी. 45 ची 46 झाली असेल, तर शेवटचं गाणं काढून टाकावं. क्यूमध्ये टाकलेल्या गाण्याने ही संख्या कधीच बदलत नाही.

पाहुणे बरेच असतील, तर एकाच्याच हातात फोन ठेवण्यापेक्षा स्पॉटिफायचं ‘जॅम’ सोयीचं पडतं. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या या सोयीत प्रीमियम खातेदार एक सामाईक रांग सुरू करतो आणि इतरजण आपापल्या फोनवरून तिच्यात गाणी टाकतात. मोफत खातं असलेल्यांनाही त्यात सामील होता येतं. यजमानाला नको असलेलं गाणं काढता येतं, क्रमही बदलता येतो.

मंगल कार्यालयात नेटवर्क कच्चं असेल, तर आणखी एक अडचण येते. भाच्याने प्लेलिस्ट घरूनच डाउनलोड करून आणली असेल, तर ती नेटशिवायही वाजते. पण आयत्या वेळी रांगेत घातलेलं गाणं डाउनलोड केलेलं नसतं, ते नेटवरूनच यावं लागतं. नेट गेलं, तर तेच गाणं अडतं. अशा जागी चार-पाच संभाव्य फर्माईशींची गाणी वेगळ्या प्लेलिस्टमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवली, तर मागणी आल्यावर तिथूनच तीन टिंबं दाबून ती पुढे लावता येतात.