गठ्ठ्यामागून गठ्ठा

अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे शंभर जणी दिवसभर कार्डे पंच करत. संगणकाला माहिती भरवायची ती छिद्रांच्या कार्डांतून, म्हणून हे काम मोठे. पण काम रेंगाळे, चुका फार होत, मुदती हुकत आणि गैरहजेरी डोक्याबाहेर गेलेली. अशा वेळी पगार वाढवा, हे पहिले उत्तर सुचते. कंपनीने दुसरे काहीतरी करून पाहिले.

कामाची वाट आधी समजून घ्यायला हवी. वेगवेगळ्या विभागांचे कागद आधी वाटप करणाऱ्या कारकुनांकडे येत. ते साधारण तासाभराच्या कामाचे गठ्ठे बांधत आणि जिचा हात मोकळा तिच्यापुढे ठेवत. कागद कोणाचा, कशासाठी, हे तिला कळायचे कारण नव्हते. समोर धडधडीत चूक दिसली तरी आहे तसेच पंच करायचे, असा नियम होता. मग दुसरी बाई तोच मजकूर पडताळणी यंत्रावर पुन्हा टंकित करी. तरीही सुटलेली चूक नंतर संगणकाकडून परत आली की दुरुस्तीला जी मोकळी असेल तिच्याकडे जाई. म्हणजे चूक करणारीला आपली चूक कधी दिसतच नसे. तक्रार आली की ती साहेबांकडे, उत्तरही साहेबांचेच. इथे बाई आळशी नव्हत्या, त्यांना आपले काम दिसूच नये अशी रचना होती, असे माझे मत.

रिचर्ड हॅकमन, ग्रेग ओल्डहॅम आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1975 मध्ये या प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली. बदल फार नाट्यमय नव्हते. प्रत्येकीला ठरावीक विभागांचे काम कायमचे सोपवले. ‘जिचा हात मोकळा तिला’ ही पद्धत संपली. कागदात शंका आली तर तिने स्वतः त्या विभागाशी बोलायचे. उघड चूक तिनेच दुरुस्त करायची. मुदत सांभाळून दिवसाचा क्रम तिनेच आखायचा. बिनचूक काम करणाऱ्यांना तर पडताळणीतून सूट मिळू लागली. आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे म्हणजे चुकलेली कार्डे ज्या बाईने पंच केली तिच्याकडेच परत येऊ लागली. दर आठवड्याचा तिच्या कामाचा आणि चुकांचा छापील तक्ता साहेबांकडे नव्हे, थेट तिच्या हाती पडू लागला. तोच आकडा साहेबांच्या तोंडून आला की बोलणी वाटते, स्वतःच्या हाती आला की माहिती.

तुलनेसाठी अशाच एका गटात काहीही बदलले नव्हते. वर्षभरात तिथे कामाचा वेग 8.1 टक्के वाढला, बदललेल्या गटात 39.6 टक्के. चुकांचे प्रमाण 1.53 टक्क्यांवरून 0.99 टक्क्यांवर आले. गैरहजेरी इथे 24.1 टक्क्यांनी घटली, तिथे मात्र 29 टक्क्यांनी वाढली. साहेबांचा रोजच्या चुका शोधण्यातला वेळ वाचला, तो नियोजनात जाऊ लागला.

पण एक आकडा जरा टोचतो. तेवढेच काम पूर्वी 98 जणी करत, आता 60 पुरल्या. कोणी सोडून गेल्या, कोणाची बदली झाली, कोणाला बढती मिळाली. काही ऑपरेटर तर ज्या विभागांची कार्डे त्या पंच करत तिथेच अधिक पगाराच्या जागी गेल्या, जे आधी कधी घडले नव्हते. तरीही बचतीचा मोठा वाटा कंपनीचाच, हे विसरून चालणार नाही.

म्हणून ‘पगार नको, स्वायत्तता द्या’ असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1968 मध्ये मांडलेला भेद इथे उपयोगी पडतो. अपुऱ्या पगाराने माणूस वैतागतो, पुरेसा दिला की वैताग थांबतो. पण त्यामुळे कागदात दिसणारी चूक दुरुस्त करावीशी वाटेलच असे नाही. उलट ज्याला घरभाडे भरायची चिंता आहे त्याला अधिकार देऊन फारसे काही साधत नाही. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनीही पुढे हे मान्य केले की पगार, नोकरीची शाश्वती आणि वरिष्ठांचे वागणे यांवर माणूस नाराज असेल तर कामाची नवी रचना फारशी रुजत नाही. आणि प्रत्येकाला जबाबदारी हवीच असते असेही नाही. काहींना ठरलेले काम करून वेळेवर घरी जाणे बरे वाटते, त्यात गैर काही नाही.

फसवणूक ओळखायची खूण सोपी आहे. कारकुनाला आणखी दोन रजिस्टरे भरायला देऊन ‘काम समृद्ध केले’ म्हणणे म्हणजे निव्वळ ओझे वाढवणे. आपल्या कार्यालयात कोणी असा बदल आणला तर दोनच प्रश्न विचारा: पूर्वी साहेब घेत होते असा कोणता निर्णय आता माझ्याकडे आला? आणि माझी चूक मला स्वतःला, कोणी बोलण्याआधी, दिसते का? दोन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील, तर सरळ पगारवाढच मागा.