एका रात्रीने हुकलेली वेतनवाढ

३० जूनला संध्याकाळी कचेरीत निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, दोन-चार भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, त्याच कचेरीतल्या बाकीच्यांच्या मूळ पगारात वार्षिक वेतनवाढ पडते. काल निवृत्त झालेल्यानेही आदल्या १ जुलैपासून पुरते बारा महिने काम केलेले असते. तरी त्याची पेन्शन वेतनवाढीआधीच्या पगारावर ठरते, कारण वाढ पडली त्या दिवशी तो नोकरीत नसतो. ही वाढ निदान पेन्शनपुरती तरी धरावी की नाही, यावर केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी आणि त्यांची खाती कित्येक वर्षे कोर्टात भांडत होती.

ही अडचण दोन साध्या नियमांच्या सांध्यावर तयार झाली. पहिला नियम निवृत्तीचा. वयाची साठ वर्षे ज्या महिन्यात पुरी होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. दुसरा वेतनवाढीचा. पूर्वी प्रत्येकाची वेतनवाढ त्याच्या त्याच्या नेमणुकीच्या किंवा बढतीच्या महिन्यात येई, त्यामुळे एका दिवसाने वाढ हुकणारे सगळ्या वर्षभर विखुरलेले असत. सहाव्या वेतन आयोगाने केंद्रात सगळ्यांसाठी १ जुलै ही एकच तारीख ठरवली आणि जूनअखेर निवृत्त होणारे झाडून सगळे एकाच खड्ड्यात पडले. सातव्या आयोगानंतर १ जानेवारी ही दुसरी तारीख आली, तेव्हा त्यांच्या जोडीला ३१ डिसेंबरवाले आले.

सरकारची बाजू ऐकायला सरळ होती. पगार नोकरीत असणाऱ्याला मिळतो. १ जुलैला माणूस पेन्शनर असतो, मग पगारातली वाढ त्याला कशी द्यायची? कर्मचाऱ्यांचे म्हणणे असे, की वेतनवाढ ही पुढच्या वर्षाची उचल नव्हे. मागचे वर्षभर नीट काम केले म्हणून ती मिळते. ती कमावली जाते ३० जूनला, १ जुलै ही फक्त हातात पडण्याची तारीख. मला हाच मुद्दा पहिल्यापासून पटत आला आहे. वर्षभरात ठपका आला किंवा शिक्षा झाली तर वेतनवाढ रोखता येते. मागच्या वर्तनावरून जी रोखता येते, ती मागच्याच कामाची असणार.

हा युक्तिवाद मद्रास उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये मान्य केला. पी. अय्यमपेरुमल हे केंद्रीय अधिकारी ३० जून २०१३ रोजी निवृत्त झाले होते. १ जुलैची वेतनवाढ त्यांना काल्पनिक म्हणून द्यावी आणि ती फक्त पेन्शनसाठी मोजावी, असा आदेश झाला. काल्पनिक म्हणजे कागदोपत्री. त्या वाढीचा पगार म्हणून एक रुपयाही द्यायचा नाही, पण पेन्शन काढताना ती पडली आहे असे समजायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारचे अपील दाखल करून घेतले नाही. इथे प्रश्न मिटायला हवा होता. पण खात्यांनी भूमिका घेतली की हा निकाल त्या एका अर्जदारापुरता आहे. तुम्हाला हवे असेल तर तुम्हीही कोर्टात जा! मग सत्तरीतली माणसे महिना हजार-दीड हजार रुपयांसाठी कॅटच्या, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, पायऱ्या चढू लागली.

११ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकातल्या वीज पारेषण निगमाच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिले. वेतनवाढ आदल्या वर्षाच्या सेवेने कमावलेली असते, दुसऱ्या दिवशी निवृत्ती आली म्हणून ती बुडत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. तो सी. पी. मुंडिनामणी निकाल म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी मे महिन्यात एम. सिद्धराज यांच्या प्रकरणात केंद्रीय कर्मचाऱ्यांबाबतही तोच निर्णय लागला.

तत्त्व ठरले, पण पैसे कधीपासून द्यायचे हा प्रश्न उरलाच. २००६ पासूनच्या सगळ्यांची सगळी थकबाकी द्यायची म्हटली असती तर बोजा मोठा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये अंतरिम आणि २० फेब्रुवारी २०२५ रोजी अंतिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने याची वाटणी करून दिली. जे कधी कोर्टात गेलेच नाहीत, त्यांना वाढीव पेन्शन १ मे २०२३ पासून मिळेल, त्याआधीचे काही नाही. ज्यांनी मे २०२३ च्या निकालाआधीच अर्ज किंवा याचिका केली होती, त्यांना अर्ज केलेल्या महिन्याच्या मागे तीन वर्षांपर्यंत. निकाल लागलेला पाहून नंतर अर्ज करणाऱ्यांना पुन्हा १ मे २०२३ चीच तारीख. ज्यांच्या बाजूचा निकाल अंतिम झाला आहे, त्यांना त्या निकालाप्रमाणे. केंद्राच्या कार्मिक विभागाने १४ ऑक्टोबर २०२४ आणि २० मे २०२५ रोजी कार्यालयीन ज्ञापने काढून हे लागू केले.

आता आकड्यांत पाहू. समजा, एक कर्मचारी सातव्या आयोगाच्या लेव्हल ६ मध्ये होता आणि ३० जून २०१९ ला निवृत्त झाला. शेवटचा मूळ पगार ६२,२०० रुपये. पूर्ण पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे ३१,१०० रुपये. वेतनश्रेणीच्या तक्त्यात ६२,२०० च्या खालचे घर ६४,१०० चे आहे. काल्पनिक वेतनवाढ धरली की त्याच्या निम्मे, ३२,०५० रुपये. मूळ पेन्शनमध्ये फरक पडला ९५० रुपयांचा.

९५० ऐकून पुष्कळ जण मान हलवतात, एवढ्यासाठी एवढे रामायण? पण मूळ पेन्शन वाढली की तिच्यावरची महागाईही वाढते. मे २०२३ मध्ये महागाई दिलासा ४२ टक्के होता, तेव्हा हा फरक १,३४९ रुपये होतो. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्क्यांवर तो १,५०१ होतो. मे २०२३ ते एप्रिल २०२५ या दोनच वर्षांचा हिशेब, मधल्या प्रत्येक दरवाढीसह, सुमारे ३४ हजारांवर जातो. आणि पुढेही हा फरक मूळ पेन्शनमध्येच राहतो.

याच माणसाच्या बरोबरीने, तेवढ्याच पगारावर, त्याच दिवशी निवृत्त झालेला एक सहकारी जानेवारी २०२२ मध्ये कॅटमध्ये गेला होता असे धरा. तीन वर्षे मागे गेले की जानेवारी २०१९ येते, तेव्हा तर तो नोकरीतच होता. म्हणजे त्याला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासूनची सगळी थकबाकी मिळते. घरी बसलेल्या आपल्या माणसाचे जुलै २०१९ ते एप्रिल २०२३ हे ४६ महिने गेले. नुसती मूळ रक्कमच ४३,७०० रुपये, महागाई वेगळी. दोघांचा हक्क एकच होता आणि न्यायालयानेही तो एकच मानला. फरक पडला तो वकिलाची फी भरण्याच्या तयारीचा. तिजोरीवरच्या बोजाचा विचार मला कळतो, पण वर्षानुवर्षे 'ज्याने त्याने कोर्टात जावे' म्हणणाऱ्या सरकारला शेवटी न गेलेल्यांचाच फायदा झाला, हे काही मनातून जात नाही.

हा लाभ कुणाला नाही, ते इथे जरा थांबून पाहायला हवे, कारण सर्वांत जास्त निराशा तिथेच होते. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली असे, आणि ती बहुधा १ जून असे. नियम असा आहे की ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे १ जूनवाला ३१ मे रोजी. त्याचे वेतनवाढीचे वर्ष अकरा महिन्यांवर संपते आणि ही काल्पनिक वाढ त्याला लागू होत नाही. गुरुजींनी २ जून लिहिले असते तर तो ३० जूनला निवृत्त होऊन या निकालात बसला असता! उलट १ जुलैचा जन्म असलेला ३० जूनलाच निवृत्त होतो आणि बरोबर आत येतो.

दुसरा घोटाळा वेतनवाढीच्या तारखेचा. ३० जूनला निवृत्त झालो एवढ्यावर वाढ मिळत नाही. तुमची पुढची वेतनवाढ १ जुलैलाच येणारी होती का, हे पाहावे लागते. सातव्या आयोगाच्या नियमांत २ जानेवारी ते १ जुलै या काळात नेमणूक किंवा बढती झालेल्यांची वाढ १ जानेवारीला येते. अशा कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वर्षात जानेवारीतच वाढ मिळून गेलेली असते. नंतर तो ३० जूनला निवृत्त झाला तर त्याची फक्त सहा महिन्यांची सेवा जमा असते, हुकलेली वाढ नसतेच. लांबलचक बिनपगारी रजेमुळेही वेतनवाढीचे वर्ष अपुरे राहू शकते. शिवाय त्या वर्षाचे काम समाधानकारक आणि वर्तन चांगले असल्याची अट आहे.

तिसरी गोष्ट अपेक्षेची. ज्ञापनात स्पष्ट म्हटले आहे की ही वाढ फक्त पेन्शनच्या हिशेबासाठी आहे, निवृत्तीच्या इतर लाभांसाठी नाही. ग्रॅच्युइटी किंवा शिल्लक रजेचे पैसे यामुळे वाढत नाहीत. राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्यांना तर मासिक रक्कम जमा पुंजीवर मिळते, तिथे शेवटच्या पगाराच्या निम्म्याचा प्रश्नच नसतो.

महाराष्ट्राचे कर्मचारी केंद्राच्या ज्ञापनांखाली येत नाहीत. राज्याच्या वित्त विभागाने जून २०२३ मध्ये वेगळा शासन निर्णय काढला. त्यामुळे राज्य शासनातून निवृत्त झालेल्याने केंद्राच्या तारखा स्वतःला लावून हिशेब करू नये. आपल्या शेवटच्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत राज्याच्या निर्णयाचीच मागणी करावी.

केंद्रीय पेन्शनरासाठी वाट अशी. आधी पीपीओ काढून निवृत्तीची तारीख आणि शेवटचा मूळ पगार पाहावा, आणि जुन्या पगारपत्रकावरून वेतनवाढीचा महिना ताडून घ्यावा. मग शेवटच्या कार्यालयप्रमुखाकडे एक पानी अर्ज द्यावा, पीपीओची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. तिथून सेवापुस्तकावर काल्पनिक वाढीची नोंद होते, कागद वेतन व लेखा कार्यालयाकडे जातात, सुधारित पीपीओ निघतो आणि तो बँकेच्या पेन्शन केंद्राकडे पोचतो. बँकेत आधी जाऊन उपयोग नाही. सुधारित अधिकारपत्राशिवाय बँक मूळ पेन्शनला हात लावू शकत नाही. पैसे जमा झाल्यावर एकूण रकमेकडे पाहून समाधान मानू नये, कारण महागाईचा दर सहा महिन्यांनी बदलतो आणि रक्कम त्यानेही वाढते. मूळ पेन्शनचा आकडा वेतनवाढीच्या निम्म्याने वाढला का आणि थकबाकी कोणत्या महिन्यापासून धरली, एवढे दोन आकडे जुळवून पाहावेत.