हप्ता थकला, शेअर जप्त झाला. प्रीमियमचे काय होते?

२० मे २०२० रोजी रिलायन्स इंडस्ट्रीजचा राइट्स इश्यू खुला झाला. ज्याच्याकडे पंधरा शेअर होते, त्याला एक नवा शेअर १,२५७ रुपयांना मिळणार होता. शेअरची दर्शनी किंमत होती १० रुपये; वरचे १,२४७ रुपये हा प्रीमियम. ही रक्कम एकदम भरायची नव्हती. अर्जासोबत ३१४.२५ रुपये, मे २०२१ मध्ये पहिल्या कॉलचे पुन्हा तेवढेच आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अखेरच्या कॉलचे ६२८.५० रुपये, असे तीन हप्ते ठरले होते.

अशा इश्यूमध्ये एखाद्या भागधारकाने शेवटचा हप्ता भरलाच नाही, तर काय होते? नियमानुसार नोटीस देऊन कंपनी त्याचे शेअर जप्त करू शकते आणि आधी भरलेले पैसे त्याला परत मिळत नाहीत. पण कंपनीच्या वहीत ते पैसे कुठे जातात, हे बहुतेक गुंतवणूकदारांना ठाऊक नसते. बारावी कॉमर्सचे विद्यार्थीही नेमके इथेच अडखळतात.

सुरुवात प्रीमियमपासून करू. दर्शनी किमतीएवढी रक्कम ‘शेअर भांडवल’ खात्यात जमा होते आणि वरची रक्कम ‘प्रतिभूती अधिमूल्य’ खात्यात, म्हणजेच प्रीमियमच्या खात्यात. हे पैसे कंपनीचा नफा नव्हेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५२ ने त्यांच्या वापराची यादीच घालून दिली आहे: बोनस शेअर देणे, प्राथमिक खर्च किंवा इश्यूचा खर्च व कमिशन फेडणे, परतफेडीवरचा प्रीमियम देणे, शेअरची पुनर्खरेदी करणे. या खात्यातून रोख लाभांश वाटता येत नाही.

आता सोपे आकडे घेऊ. एका कंपनीने १० रुपयांचा शेअर ५ रुपये प्रीमियमने विकायला काढला. अर्जाला ३ रुपये, वाटपाला ७ रुपये (त्यातले ५ प्रीमियमचे) आणि अखेरच्या कॉलला ५ रुपये. दोन भागधारकांना प्रत्येकी १०० शेअर मिळाले. पहिल्याने अर्ज आणि वाटपाचे पैसे भरले, पण कॉलचे ५०० रुपये थकवले. दुसऱ्याने फक्त अर्जाचे ३०० रुपये भरले आणि पुढे काहीच दिले नाही.

दोघांनाही नोटीस जाते. कायद्याच्या ‘टेबल एफ’ या नमुना नियमावलीप्रमाणे, नोटीस मिळाल्यापासून किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते आणि पैसे न भरल्यास शेअर जप्त होऊ शकतील, हे तिच्यात स्पष्ट लिहावे लागते. ती मुदत टळली की संचालक मंडळ ठराव करून शेअर जप्त करते. मग रोजकीर्दीत पहिल्या भागधारकाची नोंद अशी पडते:

शेअर भांडवल खाते, नावे १,०००
भागजप्ती खाते, जमा ५००
अखेरचा कॉल खाते, जमा ५००

शेअर रद्द झाले म्हणून भांडवल पूर्ण १,००० रुपयांनी कमी झाले. कॉलची थकबाकी खात्यातून निघाली. भांडवलापोटी आलेले ५०० रुपये (अर्जाचे ३०० आणि वाटपातले २००) भागजप्ती खात्यात गेले. प्रीमियमचे नाव या नोंदीत कुठेच नाही. तो कंपनीच्या हाती पडला होता, त्यामुळे तो आपल्या खात्यात जागच्या जागी राहतो.

दुसऱ्याची नोंद मात्र वेगळी:

शेअर भांडवल खाते, नावे १,०००
प्रतिभूती अधिमूल्य खाते, नावे ५००
भागजप्ती खाते, जमा ३००
वाटप खाते, जमा ७००
अखेरचा कॉल खाते, जमा ५००

इथे प्रीमियम आलाच नव्हता. वाटप झाले तेव्हा तो येणे धरून अधिमूल्य खात्यात जमा दाखवला होता. न आलेली रक्कम वहीत ठेवता येत नाही, म्हणून ती नोंद उलटवावी लागते. सगळ्या हिशोबाची किल्ली हीच: आलेला प्रीमियम हलत नाही, न आलेला काढून टाकला जातो.

हीच किल्ली रिलायन्सच्या हप्त्यांना लावून पाहू. अखेरच्या ६२८.५० रुपयांत ५ रुपये भांडवलाचे आणि ६२३.५० रुपये प्रीमियमचे होते. आधीच्या दोन हप्त्यांची बेरीजही नेमकी तेवढीच. अशा अटींवर शेवटचा हप्ता थकून शेअर जप्त झाला, तर भागधारकाचे बुडणारे ६२८.५० रुपये दोन ठिकाणी विभागले जातील. भागजप्ती खात्यात जातील फक्त ५ रुपये आणि आधी आलेले ६२३.५० रुपये अधिमूल्य खात्यातच राहतील. शेवटच्या हप्त्यातला न आलेला तेवढाच प्रीमियम त्या खात्यातून वजा होईल.

जप्त केलेले शेअर कंपनी पुन्हा विकू शकते, तेही दर्शनी किमतीपेक्षा कमी दराने. कलम ५३ नुसार नवे शेअर सवलतीत देता येत नाहीत, मग हे कसे चालते? कारण या शेअरवर आधीच काही भांडवल आलेले असते. त्यामुळे सवलत त्या जप्त रकमेपेक्षा जास्त देता येत नाही. पहिल्या भागधारकाच्या शेअरवर प्रत्येकी ५ रुपये जप्त झाले, म्हणून ते ५ रुपयांपर्यंत खाली विकता येतील. दुसऱ्याचे मात्र ७ रुपयांच्या खाली नाहीत. दर्शनी किमतीच्या वर भाव मिळाला, तर वरची रक्कम अधिमूल्य खात्यात जाते.

समजा, पहिल्याच्या १०० पैकी ६० शेअर ८ रुपयांना, पूर्ण भरणा झालेले म्हणून विकले:

बँक खाते, नावे ४८०
भागजप्ती खाते, नावे १२०
शेअर भांडवल खाते, जमा ६००

त्यानंतर उरलेला लाभ हलवायचा असतो आणि परीक्षेत गुण जातात ते इथेच. भागजप्ती खात्यात आता ३८० रुपये शिल्लक दिसतात आणि विद्यार्थी ते सगळे उचलतात. खरे तर विकलेल्या ६० शेअरवर ३०० रुपये जप्त झाले होते, त्यातून १२० रुपये सवलत गेली, म्हणून लाभ फक्त १८० रुपयांचा:

भागजप्ती खाते, नावे १८०
भांडवली राखीव खाते, जमा १८०

न विकलेल्या ४० शेअरचे २०० रुपये भागजप्ती खात्यातच थांबतात. ताळेबंदात ते भरणा झालेल्या भांडवलात मिळवून दाखवतात. १८० रुपये नफा-तोटा पत्रकात जात नाहीत, कारण ते धंद्यातून कमावलेले उत्पन्न नाही.

अंशतः भरणा झालेले शेअर ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टेबल एफप्रमाणे, जप्तीनंतर माणूस भागधारक राहत नाही, पण जप्तीच्या दिवशी असलेली थकबाकी कंपनीला पूर्ण मिळेपर्यंत त्याची देणेदारी सुटत नाही. म्हणून डीमॅट खात्यावरचा पत्ता आणि ईमेल अद्ययावत ठेवावा आणि कॉलची नोटीस आली की शेवटची तारीख आधी पाहावी.